डबा रिकामा परत पाठवू नये

बाबांचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत काचेची भांडी धूत होते. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मी नमुने तपासण्याचं काम करते. बाबा म्हणजे माझे सासरे. ते मला कधीच फोन करत नाहीत. काही निरोप असला तर आईंना सांगतात आणि आई मला फोन करून तोच निरोप दुप्पट लांब करून सांगतात. त्यामुळे स्क्रीनवर 'बाबा' असं दिसलं तेव्हाच हात थांबला. ते म्हणाले, "मानसी, आई उठत नाहीये." एवढंच. मी म्हटलं, "झोपल्या असतील हो, दुपारची वेळ आहे." ते म्हणाले, "चहा ठेवला, हाक मारली... उठत नाहीये." मी "आले" म्हटलं, फोन ठेवला, आणि हातातलं भांडं नीट विसळून, पुसून, जाळीवर पालथं घातलं. त्याच्यानंतरचंही घातलं. मग ॲप्रन काढला. या गोष्टीची मला आजही लाज वाटते, पण झालं ते असं झालं. रडू त्या दिवशी आलं नाही, नंतरही आलं नाही. गणपती नुकतेच गेले होते. आता दिवाळी होऊन गेली, तरी डोळे कोरडेच आहेत. लोक म्हणतात, रडून घे. कसं घ्यायचं असतं ते?

माझ्या सासूबाई सुनंदाबाई. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधे आमचं दोन खोल्या आणि गॅलरीचं घर आहे, त्या घरात त्यांनी चाळीसेक वर्षं काढली. माहेर बदलापूरजवळचं चामटोली. चौथीपर्यंत शिकल्या, पुढे घरातल्या म्हशी आणि धाकटे भाऊ सांभाळले. उंचीने कमी, आवाजाने जास्त. वरच्या मजल्यावरच्या सिंधी कमला आंटींना 'अदी', म्हणजे ताई, म्हणत आणि भाजीवाल्याशी भाव करताना त्यांनाच खाली बोलावून घेत, कारण सिंधीत घासाघीस केली की दोन रुपये जास्त सुटतात असा त्यांचा ठाम समज होता. मला ओट्यावर पाणी सांडलेलं चालायचं, त्यांना थेंब चालायचा नाही. मला पंखा पाचवर लागायचा, त्यांना तीनवर. साध्वी वगैरे नव्हत्या. तोंडाने फटकळ होत्या आणि रुसायच्या तर अशा रुसायच्या, की घरातल्या भांड्यांनाही कळावं.

आमची सुरुवातच रुसव्याने झाली. दोष माझा होता, हे आधीच सांगून टाकते.

लग्न नऊ वर्षांपूर्वी, एप्रिलमधे. गृहप्रवेश झाला, माप ओलांडलं, लक्ष्मीपूजन मांडलं. आमच्याकडे त्या वेळी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. मग साखर वाटतात आणि नाव जाहीर करतात. मी निखिलला आधीच सांगून ठेवलं होतं, की मला माझं नाव बदलायचं नाही. तो "बघू, बघू" करत राहिला आणि आईला सांगायला विसरला. की घाबरला, कोण जाणे! ऐन वेळी आई त्याच्या कानाशी वाकल्या आणि काहीतरी म्हणाल्या. तो गोंधळला, पण वाकून लिहायला लागला. मी ताटात बघितलं. गोदावरी.

माझी मामेबहीण मागेच उभी होती. ती ओरडली, "अगं बाई, एक्स्प्रेस आली! फलाट नंबर किती?" सगळे खो खो हसले. आणि मीही हसले. नव्या नवरीने तोंडाला पदर लावून हसावं तसं नाही, चांगली खळखळून हसले. मग म्हटलं, "आई, खरंच नको हो, माझं मानसीच राहू दे." निखिलने चटकन तळहाताने तांदूळ सारखे केले. नाव पुसलं गेलं. आईंनी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात नेलं.

त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत सात महिने आईंनी मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. मानसी नाही, गोदावरी नाही. "अगं ए", "हे बघ", "जेवलीस का?"... बाहेरच्यांशी बोलताना "आमची सून". मी आतल्या खोलीत असले तर हाक मारण्याऐवजी दारावर बांगडी वाजवायच्या. जेवायला नीट वाढायच्या, आजारी पडले तर काढा करून द्यायच्या, कशात काही कमी नाही. फक्त नाव नाही. ज्या घरात तुम्हाला नाव नाही, तिथे तुम्ही नक्की कोण असता? मी रोज कामावरून परत येताना रिक्षात बसून ठरवायची, की आज विचारायचंच. आणि दारात चप्पल काढताना धीर गळायचा.

मग आली दिवाळी. लग्नानंतरची पहिली म्हणजे दिवाळसण. जावयाला सासरी बोलवायचं, पहाटे त्याला तेल-उटणं लावून आंघोळ घालायची, पाडव्याला ओवाळून काहीतरी द्यायचं. माझं माहेर अंबरनाथला, म्हणजे रिक्षाने फार तर अर्धा तास. पण रीत ती रीत. आणि रीत अशी, की मुलीच्या वडिलांनी व्याह्यांच्या घरी जायचं, सुपारी ठेवायची आणि "मुलांना दिवाळसणाला पाठवा" असं विहिणीला विचारायचं. माझ्या पप्पांनी काय केलं? निखिलला फोन लावला. "जावईबापू, वसुबारसेला या बरं का दोघं!" झालं. फोन स्पीकरवर होता आणि आई तिथेच चकलीच्या भाजणीला धान्य निवडत बसल्या होत्या. हात थांबला नाही त्यांचा. संध्याकाळी मी "आई, आम्ही जाऊ ना?" असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जा की. तुमचं ठरलंय ना? आम्हाला कोण इचारतंय." चिडल्या, की त्यांच्या बोलण्यात चामटोली यायची.

तर आम्ही वसुबारसेला अंबरनाथला गेलो. पुरणपोळी खाल्ली, गप्पा मारल्या, आणि मला घास उतरेना. त्या घरात आता दोघंच असणार. लेकाशिवायची त्यांची पहिली दिवाळी. आणि मी त्यांचं नावही नाकारलेलं, लेकही नेलेला.

धनत्रयोदशीच्या सकाळी मी शहाणपणा केला. मोबाईलवर पणत्यांचं चित्र आलं होतं, सोनेरी अक्षरांत 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा', खाली कुणा दुकानाची जाहिरात. तेच मी सासरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'आई-बाबा, हॅपी दिवाळी'. त्याच ग्रुपवर तेच चित्र निखिलच्या चुलतभावाने आधीच टाकलेलं होतं, हे नंतर दिसलं. बाबांचे हात जोडलेले आले. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. बाबांनी मला केलेला तो पहिला फोन. दुसरा सप्टेंबरमधला.

"तुझं चित्र मिळालं," ते म्हणाले. "तिला दाखवलं."

"काय म्हणाल्या?"

"चष्मा नाही म्हणाली." बाबा एका कारखान्यात फोरमन होते, बोलताना शब्द पाना लावून आवळल्यासारखे एकेक काढतात. "मानसी, कागदावर लिही. तिला वाचता येतं. सावकाश, बोट लावून वाचते. अक्षर मोठं काढ."

मी हो म्हटलं. मग काय झालं कोण जाणे, सात महिन्यांचं एकदम बाहेर आलं. "बाबा, गोदावरी कोण?"

ते म्हणाले, "ती स्वतः. माहेरचं नाव तिचं. आमच्या लग्नात माझ्या आईने बदललं. भाऊ तिला आक्का म्हणतात, आई-वडील कधीच गेले. ते नाव घेणारं कुणी उरलं नाही. सून आली, की तिला देईन म्हणायची. घरात राहील, म्हणायची." आणि वर, "निखिलला माहीत नाही. मलाही त्या वेळी बोलायला सुचलं नाही. ठेवतो."

मी फोन हातात धरून बसून राहिले. मी त्यांच्या नावाला हसले होते. त्यांच्याच घरात, त्यांच्या सगळ्या पाहुण्यांसमोर, पहिल्याच दिवशी.

पप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि मी वर जावयाला फोन केला! विहीणबाईंना विचारलंसुद्धा नाही. काय म्हणत असतील त्या? की या माणसाला काही वळण आहे का नाही!" मग बापलेकीचं ठरलं. मी पत्र लिहायचं आणि पप्पांनी ते स्वतः घेऊन जायचं, फराळाच्या डब्यासकट, नरकचतुर्दशीच्या आत. पहाटेची आंघोळ त्या घरात व्हायच्या आधी पत्र पोचलं पाहिजे. सण उलटून गेल्यावर आलेल्या शुभेच्छांना काय अर्थ?

पत्र लिहिणं सोपं नव्हतं. आमच्या पिढीने पत्रं लिहिली कुठे? वरती मधोमध श्री, उजवीकडे गाव आणि तिथी, इथवर ठीक. मायन्याला अडले. पप्पा म्हणाले, "तीर्थस्वरूप लिही. तीर्थरूप फक्त जन्मदात्यांना, सासू-सासऱ्यांना तीर्थस्वरूप." मी ऐकून घेतलं आणि तीर्थरूपच लिहिलं. त्यांनी वाचलं आणि भुवया उंचावल्या. आधी मी बाबांचं नाव घालणार होते, रीतीप्रमाणे पुरुषाचं पहिलं. मग आईंचं आधी घातलं. पहिल्या मसुद्यात शेवटी 'तुमच्या सगळ्या इच्छा पूर्ण होवोत, तुमचं भलं होवो' असं लिहिलं होतं. मम्मीने कढईतून चकली काढता काढता वाचलं आणि म्हणाली, "अगं, तू त्यांना आशीर्वाद देतेस की काय? मोठ्यांना आशीर्वाद द्यायचे नसतात, मागायचे असतात. देवापाशी माग त्यांच्यासाठी." तो कागद फाडला. दुसऱ्यात 'आपण', 'आपला कृपाशीर्वाद' वगैरे इतकं भरलं, की लग्नपत्रिका वाटायला लागली. तोही फाडला. 'हॅपी' हा शब्द तर मी जवळही येऊ दिला नाही. तिसरा कागद हा. शब्दन् शब्द पाठ आहे, कारण नंतर तो मी किती वेळा वाचला ते माझं मला माहीत.

'तीर्थरूप आई आणि बाबा यांना,

सुनेचा शिरसाष्टांग नमस्कार.

लग्नानंतरची माझी ही पहिली दिवाळी. आम्ही दोघं इकडे आलो आणि घरात तुम्ही दोघंच राहिलात, याची चुटपुट लागून राहिली आहे. येण्याआधी रीतसर तुम्हाला विचारायला हवं होतं, ते आमच्याकडून राहिलं. पप्पा स्वतः येत आहेत. लहान समजून पोटात घाला.

आई, पहिल्या महिन्यात मला तुमच्याकडची तांदळाची भाकरी उतरत नव्हती. मी कुणाला बोलले नव्हते. तुम्ही काही न विचारता माझ्यापुरत्या दोन पोळ्या वेगळ्या करू लागलात. बाबा, सकाळी मला रिक्षा मिळेपर्यंत तुम्ही गॅलरीत उभे असता, ते मला खालून दिसतं. हे कधी बोलून दाखवता आलं नाही, म्हणून लिहिते.

उटणं पाठवते आहे, मी स्वतः चाळलं आहे. पहाटे दोघांनी लावावं. देवाने तुम्हा दोघांना उदंड आयुष्य आणि आरोग्य द्यावं आणि तुमचा हात आमच्या डोक्यावर असाच राहावा, एवढंच त्याच्याकडे मागते. ही दिवाळी तुम्हाला सुखाची जावो. भाऊबीज झाली की आम्ही लगेच घरी येतो.

आई, ताटातलं नाव बघून मी हसले. मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं तरी हसायला नको होतं. माझी चूक झाली.

तुमचे आशीर्वाद असू द्यावेत.

आपली सून,
गोदावरी'

खालच्या नावाशी मी बराच वेळ थांबले होते. पप्पा म्हणाले, "अगं, नाव बदलणार नाही म्हणून तूच जगाशी भांडलीस ना?" मी म्हटलं, "भांडले. अजूनही भांडेन. पण हे द्यायचं असेल तर एवढंच आहे माझ्याकडे." माझा अहंकार जळत होता, खोटं कशाला बोलू. निखिलने वाचलं, म्हणाला, "आईचं नाव गोदावरी? मला कसं माहीत नाही?" आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

पप्पा संध्याकाळी गेले. स्टीलचा मोठा कडीचा डबा, वर चकल्या, खाली लाडू, उटण्याची पुडी, कागदात सुपारी आणि खिशात पत्र. तासाभरात येतो म्हणाले होते, अडीच तास झाले. आम्ही दारात कंदील लावून वाट बघतोय. परत आले ते डबा हातात घेऊनच.

"अहो, डबा ठेवून यायचा ना!" मम्मी म्हणाली.

"विहीणबाईंनी ठेवू दिला नाही. म्हणाल्या, लगेच मोकळा करून देते, पण रिकामा पाठवणार नाही. आणि मला बसवून ठेवलं. व्याह्यांनी दोनदा चहा केला. त्या आतल्या खोलीत. मला वाटलं, फराळ भरतायत. बघतो तर काय, पाटावर कागद ठेवून लिहितायत! एकेक अक्षर..."

डब्यात तांदूळ होते. तांदळावर रेघांच्या वहीतला चौघडी घातलेला कागद. अक्षर मुलांसारखं मोठं, रेघ सोडून खाली उतरलेलं.

'चि. सौ. मानसीस, अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. चकली खमंग झाली पण मीठ कमी. हे तांदूळ त्या ताटातले. वेगळे ठेवले होते. खीर करा, जावयाला वाढा. तुझे नाव मानसीच छान आहे. ते टाकू नको. माझे गेले तसे तुझे जायला नको. भाऊबीजेनंतर लवकर ये. घर मोठे वाटते.

तुझी सासू,
गोदावरी'

मी ते सगळ्यांसमोर वाचायला घेतलं आणि खालच्या ओळीशी आल्यावर कागद निखिलच्या हातात दिला. मी माझं नाव सोडून त्यांचं घेतलं होतं. त्यांनी माझं मला परत दिलं आणि स्वतःचं स्वतः घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या तांदळाची खीर झाली. निखिलने तीन वाट्या खाल्ल्या आणि कुणाला दिसणार नाही अशा बेताने डोळे पुसले. मला दिसलं.

भाऊबीजेला संध्याकाळी घरी पोचलो. जिन्यातच होते, तर वरून आवाज आला, "मानसीऽऽ, चपला आत घे गं, काल कमलाअदीच्या कुत्र्याने एक पळवलीय!" सात महिन्यांनी ऐकलेली माझी पहिली हाक. तिच्यात कुत्रा होता, चपला होत्या, कौतुक काडीचं नव्हतं. त्या पत्राबद्दल आम्ही दोघी कधी एक अक्षर बोललो नाही.

पण दुसऱ्या वर्षी धनत्रयोदशीला मी पुन्हा लिहिलं. एकाच घरात राहून पत्र! निखिल हसला, "टपाल खर्च वाचला." आईंनी हात धुऊन चष्मा लावला, बोट ठेवून मोठ्याने सगळं वाचलं, बाबा ऐकत बसले. मग माझ्याकडून पेन घेतलं आणि माझ्या सहीच्या खाली लिहिलं, 'पोचले', आणि त्याखाली सही, 'गोदावरी'. माझी सही मी आता 'मानसी' अशीच करत होते. त्यांची तशी सही जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. बँकेत, रेशनकार्डावर, दवाखान्यात सगळीकडे सुनंदा. ही एवढी वर्षातून एकदा.

ते दर वर्षीचं झालं. पत्रात काय, वर्षभरात जे तोंडाने बोलता आलं नाही ते. मला दोनदा दिवस राहून पुढे काही झालं नाही, त्या वर्षी मी लिहिलं, की आई, तुम्ही कुणालाही मला प्रश्न विचारू दिला नाहीत. त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली नाही. तिच्यावरून बोट नेलं आणि पुढे वाचू लागल्या. एका वर्षी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं, खरवईला नव्या इमारतीत घर बघायला आम्ही त्यांना न सांगता गेलो म्हणून. मी पत्र लिहिलं नाही. धनत्रयोदशीची संध्याकाळ झाली, दिवे लागले. बांगडी दारावर वाजली. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय गं, यंदा पोस्ट बंद हाय का?" मला हसू फुटलं. बसून चार ओळी खरडल्या. त्यांनी वाचल्या, म्हणाल्या, "शिव्या कमी घातल्यास," आणि खाली सही केली. खरवईचं घर आम्ही घेतलं नाही ते नाहीच.

आईंच्या दहाव्याला बदलापूरला नदीच्या घाटावर गेलो. हल्ली आमच्याकडे बायकाही जातात, मीही गेले. निखिल ओल्या धोतरात बसला होता. गुरुजींनी विचारलं, "आईंचं नाव?" तो म्हणाला, "सुनंदा." गुरुजी पुढे म्हणू लागले. मी मागून म्हटलं, "गोदावरी." सगळे वळून बघायला लागले. बायकांनी मधे बोलायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. गुरुजी चांगले होते, म्हणाले, "नक्की कुठलं घ्यायचं?" निखिलने बाबांकडे बघितलं. बाबांनी आयुष्यात चारचौघांत बायकोचं नाव घेतलेलं नाही, सुनंदाही नाही. ते म्हणाले, "दोन्ही घ्या. आधी गोदावरी." कावळा पटकन शिवला. लोक म्हणाले, बाई तृप्त गेल्या. मी चपला कुठे काढल्या ते शोधत होते.

यंदा घरात दिवाळी नव्हती. वर्षाच्या आत सण करत नाहीत, कंदील नाही, तळण नाही. अशा घरी फराळ इतरांनी आणून द्यायचा असतो. कमला आंटी चकल्या घेऊन आल्या. "तेरी सास ने ही सिखाई, मेरी आज तक गोल नहीं बनी," म्हणाल्या आणि ओट्याशी उभ्या राहून रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि माझं लक्ष ओट्यावरच्या पाण्याच्या थेंबाकडे होतं. मी तो पुसला. धनत्रयोदशीला पप्पा आले, तोच कडीचा डबा घेऊन. आता त्यांना जिना चढवत नाही, खालीच रिक्षात थांबले. मी लाडू काढून डबा घासला, पुसला आणि तो धरून उभी राहिले. फडताळात हात घालून मूठभर तांदूळ टाकले. वर काय ठेवायचं? वर तर काहीतरी असायचं ना... मला पुढचं सुचेचना. डबा निखिलने खाली नेऊन दिला.

त्या संध्याकाळी मी लिहिणार नव्हते. कुणाला लिहायचं? बाबा बाहेरच्या खोलीत त्यांच्या खुर्चीत बसले होते. शेजारी आईंचा पाट भिंतीला टेकवलेला. साडेसात वाजले, दिवेलागण होऊन गेली. त्यांनी खुर्चीच्या हातावर दोनदा बोटं वाजवली. बांगडी नव्हती, आवाज लाकडाचा आला. पण मी उठून बाहेर आले.

"पत्र?" ते म्हणाले.

मी कागद घेतला. वरती श्री, उजवीकडे उल्हासनगर आणि तिथी. 'तीर्थरूप' लिहिलं. पुढे हात आपोआप 'आई आणि बाबा' लिहून गेला. खोडलं नाही. मजकूर फार नाही, पाच-सहा ओळी. आई, त्या दिवशी फोन आल्यावर मी आधी भांडी पालथी घातली, मग निघाले. मला अजून रडू येत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, नाटकं करू नको, येईल तेव्हा येईल. ओटा कोरडा ठेवते. पंखा तीनवर आहे. खाली सही, मानसी.

बाबांनी चष्मा लावला. त्यांना भराभर वाचता येतं, रोज अख्खा पेपर वाचतात. पण त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला, तिच्यासारखा. निखिल आतून येऊन दारात उभा राहिला. वाचून झालं. बाबांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं, 'पोचले'. मग पेन तसंच धरून थांबले. पेन त्यांनी मला परत दिलं.

"तिची सही तू कर," ते म्हणाले. "पहिल्यांदा तूच केली होतीस."

मी वाकले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, गोदावरी. अक्षर रेघ सोडून खाली उतरलं, आणि मग मला पुढचं काही दिसेना.